झाकण लावलं म्हंजे बंद न्हाई

पियूषनं लॅपटॉप माज्या मांडीवर आदळला आन म्हनला, "घे. फुल हाय. चार्जिंगचा दिवा गेला मगच काढला."

मी झाकण उघडलं. स्क्रीनवर काळोख. बटण दाबलं. एकदा लाल दिवा लुकलुकला आन गेला.

"ही तुजी फुल?"

"मी दिला तवा फुल हुता."

"आत्ताच दिलास ना रं? ह्या क्षणाला दिलास!"

"मंजे सकाळी लावून ठिवलावता. दिवा गेला, मी झाकण लावलं आन कॉलेजला गेलो. मला काय म्हाईत तू काय केलंस त्याला."

"मी? तुज्या घरात हुता त्यो!"

"घराला एकच ओसरी हाय भैरू. तू भिताडातनं पन हात घालशील."

मी उठलो. त्याची कॉलर धरली. कॉलेजला जाताना इस्त्री करून घालतो त्यो शर्ट. दोन गुंड्या गेल्या.

आमी दोगं एकाच वर्साचं. त्याच्या आयनं पुण्याच्या टीव्हीतलं नाव ठिवलं, पियूष. माजं नाव आज्यानं ठिवलं, भैरू. त्यो बारावीला हाय, मी नववीत शाळा सोडली. सोडली मंजे मास्तरनं कानाखाली लावली, मी डस्टर फेकला, मग दोगांनी मिळून सोडली. रिहे गावातल्या आमच्या घराचं वाटं झाल्यात. मधी भिताड हाय. अलीकडं आमी, पलीकडं तात्या. तात्या मंजे हैबतराव, माजा थोरला चुलता, पियूषचा बाप. रस्त्याकडची भातखाचरं फार्महाऊसवाल्यांना गेली तवा सगळं वाटलं. भांडी वाटली, म्हशी वाटल्या, देवघरातला देव एक वर्स हितं एक वर्स तितं. न वाटता उरला ह्यो एकच लॅपटॉप. तात्यानं सामायिक पैशातनं घेतला, "पोरांत येक तरी संबंध राहू दे" म्हनून. लई मोठा, लई जड, गेमवाला. अंगात लाल दिवं असल्याला.

संबंध राह्यला खरा. रोज भांडणाचा.

पाळी लावून दिली तात्यानं, जशी पाटाच्या पाण्याची आसती तशी. एक दिवस त्याचा, एक दिवस माजा, आन शनवार-रविवार जोडून एका हप्त्याला त्याचा, एकाला माजा. सांजच्याला द्यायचा. आन पाण्यासारखाच नियम, पुढच्याला कोरडा पाट द्यायचा न्हाई. भरलेली बॅटरी द्यायची. पन तीन म्हयनं झालं, माज्या हातात येतोय तवा बॅटरी मेल्याली. आन त्याच्या हातात जातोय तवा पन मेल्याली, आसं त्यो म्हनतो. मी तर प्लगमदनं काढून झाकण लावून देतो. मग मारतं कोन? त्योच.

आरडाओरडा ऐकून तात्या भाईर आला. टॉवेल खांद्यावर. पियूषच्या गुंड्या बघितल्या.

"सोड त्याला."

"त्यानं आधी बॅटरी—"

"सोड म्हनलं ना! शाळा सोडली तसं हेबी सोड." आन मग ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माज्या बापाकडं बघून, "दया, तुज्या पोराला मशीन झेपत न्हाई. सोमवारपास्नं ह्यो डबा माज्या घरात राहनार. पाळी-बिळी बंद."

दादा मंजे माजा बाप, विळ्याला धार लावत हुता. मान वर केली न्हाई. "राहू दे तुमच्याकडं. सोमवारपास्नं भैरू माज्यासंगं येनार हाय. देशमुखांच्या फार्मवर गवत कापायला मानूस पायजे."

देशमुखांचा फार्म मंजे आमचंच खाचर. तितं आता लॉन हाय. जितं आमी भात लावला तितं गवत लावायचं आन कापायचं, आन ह्यांनी हिरवळीवर बसून चहा प्यायचा. मला त्यो गेट बघूनच डोस्क्यात तिडीक जाती. आन मला रविवार पायजे हुता.

रविवारी मला सूसला, पुण्याच्या कडंला, जायचं हुतं. सूसला रोहितचं गेमचं दुकान हाय, सोसायटीच्या खाली, चार काम्प्यूटर. रोहित साताऱ्याकडचा. आयटीतली नोकरी सोडून दुकान टाकलंय. मी म्हयन्यात दोनदा तितं जातो, खेळायला कमी, बघायला जास्त. त्याला दुकानात मानूस पायजे हाय. मी इच्चारलं तवा त्यो माज्याकडं पायापास्नं डोस्क्यापतुर बघत म्हनला, "नववी नापास?"

"सोडली."

"मशीन सांभाळता येतं?"

"येतं."

"मग रविवारी दुपारी स्वतःचं मशीन घेऊन ये. दुपारी इथं लाईट नसते, इन्व्हर्टरवर माझी चारच चालतात. तुला प्लग मिळणार नाही. माझ्या पोरांबरोबर बॅटरीवर तासभर खेळून दाखव. मशीन तासभर उभं राहिलं, गरम होऊन पडलं नाही, तर मी समजेन तुला सांभाळता येतं. खेळ हरलास तरी चालेल."

मंजे तासभर बॅटरी. तेवढंच. दुकान न्हाईतर देशमुखांचं गवत.

ह्या हप्त्याचा शनवार-रविवार माजा हुता, आन शनवारी सकाळी लाईट हुती. मी लॅपटॉप लावला आन समोर बसून राह्यलो. आकडा वर चढत हुता. वीस. तीस. चाळीस. पन्नासला थांबला. बाजूचा नारंगी दिवा गेला. मी बाण नेऊन बघितलं. खाली इंग्रजीत लिवलेलं, मंजे एवढं की वायर लावल्याली हाय पन चार्ज हुत न्हाई.

आदी मला वाटायचं पियूषनं बॅटरी मारली, म्हनून पन्नासच घेती. पन त्या दिवशी मी डोळं बारीक करून बघत बसलो. मेल्याली बॅटरी आसती तर कधी त्रेचाळीसला थांबली आसती, कधी साठला. ही ठरवल्यागत पन्नासला थांबती. आन दिवा जातो. मंजे पियूष "दिवा गेला, फुल" म्हनतो त्यो अर्ध्यालाच काढतो. मी पन अर्ध्यालाच काढतो. राह्यलेली अर्धी दिसभरात कुटं जाती ते मात्र मला म्हाईत नव्हतं.

कंपनीचं एक बॅटरीचं चित्र हुतं कोपऱ्यात. त्याच्यावर कुनी कधी क्लिक केलंच न्हाई, आमी दोगं गेमच्या पल्याड कुटं गेलो हाओत. उघडलं. तीन ओळी. शंभर टक्के. ऐंशी टक्के. पन्नास टक्के. आन पन्नासच्या म्होरं टिंब.

कुनीतरी लावल्यालं.

मी लॅपटॉप तसाच ठिवला आन भिताडाच्या पल्याड गेलो. पियूष आंगनात गाडी धूत हुता. मी पाण्याची बादली लाथाडली.

"पन्नासवर तू लावलास!"

"काय पन्नास?"

"बॅटरी! पन्नासच्या वर जाऊच ने म्हनून! म्हंजी माज्या वाट्याला येतोय तवा—"

"याड लागलंय का तुला? मी कशाला लावू? माज्या पाळीला पन मरतोयच की!"

"खोटं बोलतुयास."

त्यानं ओला फडका माज्या तोंडावर हानला. मी त्याला चिखलात पाडला. त्याची आय किंचाळली, कोंबडी पळाली, आन तात्या दाढीचा साबन तोंडाला आसतानाच भाईर.

"काय चाललंय सकाळच्या पारी!"

"ह्यानं बॅटरी पन्नासवर लावली," मी म्हनलो.

तात्याचा हात थांबला. ब्रश हातात तसाच. मग अगदी शांतपनी म्हनला, "ते ह्यानं न्हाई. मी लावाय सांगितलं."

पियूष चिखलातनं वर बघाय लागला. "आबा?"

"दुकानात. त्या पोरानं इच्चारलं, काका, घरीच वायर लावून वापरणार ना, मग बॅटरी जास्त वर्स टिकंल, फिफ्टीला ठिवू का हंड्रेडला? मी म्हनलं फिफ्टी-फिफ्टीच कर बाबा. दोन घरांचं हाय. पन्नास ह्याला, पन्नास त्याला. उगा भांडान नको."

 खरेदीखतावर फिफ्टी-फिफ्टी, म्हशीत फिफ्टी-फिफ्टी, तात्याच्या डोस्क्यात त्या सालात दुसरा आकडाच नव्हता.

"आबा, तसं नसतं," पियूष म्हनला. "बॅटरी अर्धीच भरती त्यानं. दोगांना अर्धी."

"मग बराबर हाय की. दोगांना अर्धी."

"आवो एकच बॅटरी हाय! अर्धी रिकामीच राहती! ती कुनाच्याच वाट्याला येत न्हाई!"

"मग ती सामायिक," तात्या म्हनला.

मला हसू आलं आन राग पन. म्हनलं, "तात्या, मी शंभर करतुया."

"खबरदार! मंजे सगळी तुला? सोमवारपतुर थांबवत न्हाई तुला? वाटणी मोडायची न्हाई."

"ही वाटणी न्हाई, ही बॅटरी हाय!"

"मला शिकवू नगंस. नववी नापास!"

"सोडली!" मी वरडलो आन आलो निघून. घरात जाऊन शंभरच्या म्होरं टिंब दिलं आन तेवढ्यात लाईट गेली.

सांजला आली. मी लावला. आकडा पन्नासवरनं एक्कावन्न झाला तवा मला वाटलं कुनीतरी छातीवरचा दगूड काढला. शंभर झाला. दिवा गेला. ह्या येळी खरा गेला. मी गेम उघडून ठिवला, पैल्या पानावर, मंजे उद्या रोहितसमोर झाकण उघडलं की तयार. झाकण लावलं. बॅगेत घातला. संगं बिनवायरीचा माऊस, त्याची ती चिमटीएवढी कांडी लॅपटॉपला लावल्यालीच ठिवली. हारवायला नको म्हनून.

रविवारी दादाची मोपेड घेतली. दादानं इच्चारलंबी न्हाई कुटं चाललास, नुस्तं म्हनला, "सोमवारी साडेसातला." बॅग पाठीवर. घोटवड्यात पंक्चर. पंक्चरवाला जेवाय गेल्याला. मी टपरीच्या फळीवर बॅग आपटून बसलो. मग लवळं, नांदे. रस्ता मंजे खडी टाकून इसरल्याला. बॅग उडतीया पाठीवर. पाठ गरम झाली. मी म्हनलं ऊन हाय.

सूसला पोचलो तवा रोहितच्या दुकानात अंधार, आत चार स्क्रीन चालू आन चार पोरं वाकल्याली. सोसायटीतली. पायात भारी बूट.

"आला रे गावचा चॅम्पियन," एकजन म्हनला. नाव त्याचं अमोघ, रोहित त्याला हाक मारतो म्हनून म्हाईत. "बैलगाडीतनं आलास का?"

"तुज्या बापाला आणाय बैलगाडी लागंल," मी म्हनलो.

"ए," रोहित म्हनला. "मशीन काढ."

मी बॅगेत हात घातला आन हात मागं घेतला. भाकरीच्या तव्यागत. आतनं घों घों आवाज येत हुता. काढला. लाल दिवं चालू. पंखा बोंबलत हुता. झाकण उघडलं. गेमचं पैलं पान नाचत हुतं, मोठ्या आवाजात गाणं वाजत हुतं. खाली आकडा, अकरा.

अमोघ खुर्चीवरनं पडायचा राह्यला हसून. "दम बिर्याणी आणलीये रे यानं!"

"शंभर हुता," मी म्हनलो. "रात्री शंभर हुता. मी बघितला."

रोहितनं लॅपटॉपच्या खाली हात लावला. "बंद केला होतास?"

"केला की. झाकण लावलं."

"झाकण लावलं म्हणजे बंद नाही. झोपवलास तू त्याला. झोपेतसुद्धा थोडी थोडी बॅटरी खातो, सगळं मेमरीत धरून ठेवायला. आणि हे काय?" कांडीला बोट लावलं. "माऊस कुठाय?"

"बॅगेत."

"चालू?"

मी माऊस काढला. पोटाला हिरवा दिवा.

"झालं. रस्त्यानं माऊस हलला, यानं जागं केलं. उठला, आणि गेम चालू. बॅगेत, हवा नाही, काही नाही. आपोआप परत झोपायचं सेटिंग?"

ते मीच काढलंवतं, मागच्याच म्हयन्यात. खेळताना मधीच स्क्रीन जाती म्हनून 'कधीच न्हाई' करून ठिवलं. मी माऊसकडं बघत राह्यलो. त्याला समजलं.

"तरीबी खेळतो," मी म्हनलो.

"अकरा टक्क्यांवर?"

"खेळतो म्हनलं ना."

बसलो. खेळ सुरू झाला. पैलाच डाव, अमोघला मी मागनं जाऊन उडवला. त्यो शिव्या द्याय लागला. दुसऱ्या डावाला लाल खूण आली. मी बघितलीच न्हाई तिकडं. एकाला आनिक उडवला. रोहित माज्या मागं हुबा. म्हनला, "बंद कर आता."

माजं डोस्कं सटकलं. "तू बंद कर तुजं तोंड! दोन डाव तरी बघ!"

 अमोघनं हेडफोन काढला.

"मशीन," रोहित म्हनला. "मशीन बंद कर म्हणालो. आता स्वतः पडण्याआधी."

आन तेवढ्यात पडलंच. स्क्रीन काळी. त्या काळ्या स्क्रीनमदी माजंच तोंड, आन मागं चार तोंडं हसतुयात.

"बाहेर," रोहित म्हनला.

मी भाईर पायरीवर बसलो. परत जाऊ शकत हुतो. पन पाय उठंनात. घरी गेलो आसतो तर सोमवार चालत येत हुता समोरनं, विळा घेऊन. आतली पोरं येऊन-जाऊन टोमनं मारत हुती. एकजन म्हनला, "काय रे, तुला पण कोणी झोपवून ठेवलंय का?" मी त्याच्या बुटावर थुकलो. थोडक्यात हुकलं.

दुपार कलल्यावर दुकानात बल्ब पेटला. लाईट आली. मी उठलो, आत गेलो, इच्चारलं न्हाई, दाराजवळच्या प्लगमदी वायर घातली. रोहित बघत हुता. हाकलला न्हाई.

मशीन थंड झाल्यालं. चालू केलं. पावर सेटिंगमदी गेलो. झाकण लावल्यावर काय करायचं, तितं 'स्लीप' हुतं. मी एकेक ओळ वाचली. इंग्रजी मला येतं तेवढंच येतं, पन 'हायबरनेट' खाली निळ्या खुणेवर गेलो की सांगत हुतं.

"हे मेमरीतलं सगळं डिस्कवर लिवतं आन मग पुरतं बंद हुतं?" मी इच्चारलं.

"हो. उठायला जरा वेळ लागतो. पण बॅटरी खात नाही."

मी ते लावलं. मग झोपायची येळ 'कधीच न्हाई' वरनं काढून परत जागेवर आणली. मग माऊसला जागं करायची परवानगी. ती कुटं आसती ते मला सापडंना. तीन ठिकानी शिरलो, भाईर आलो. रोहित सांगत नव्हता, हाताची घडी घालून हुबा. मला त्याचा राग येत हुता आन मी उठून जात पन नव्हतो. शेवटी सापडली, माऊसच्याच नावावर क्लिक केल्यावर आत. टिक काढली.

झाकण लावलं. थांबलो. दिवं इझले. पंखा गेला. माऊस हालवला. आपटला. मशीन मेल्यागत गप.

"हे काल करायला पाहिजे होतं," रोहित म्हनला.

"म्हाईत हाय."

"आणि कुणी 'बंद कर' म्हटलं की आधी काय बंद करायचंय ते विचारायचं. दुकानात गिऱ्हाईकं असतात. त्यांना असं बोललास तर माझं दुकान बंद होईल."

"हूं."

"हूं नाही. हो म्हण."

"हो."

"पुढच्या रविवारी ये. हेच मशीन, बॅटरीवर, एक तास. नाही जमलं तर परत तोंड दाखवू नकोस. अमोघचा भाऊपण मागतोय काम."

पुढच्या रविवारी. आन मशीन उद्यापास्नं तात्याच्या घरात.

घरी आलो तवा तिनीसांज. ओसरीवर पियूष बसल्याला, गालावर काल चिखलात घासल्याली खूण. तात्या आत रेडिओ लावून. दादाचा विळा भिताडाला टेकवून ठिवलेला, धार लावल्याला.

मी बॅग पियूषसमोर ठिवली. त्यानं हात लावून बघितलं, गरम हाय का.

"बंद हाय का झोपलाय?" त्यो म्हनला. त्यालाबी कुनीतरी सांगितलं आसंल, कॉलेजात.

"बंद. आता झाकण लावलं तरी पुरता बंद हुतो. माऊसची कांडी काढून ठिवत जा. दिवा गेला की फुल, आता खरोखर फुल."

"मला शिकवू नगंस."

"शिकवत न्हाई. सांगतुया."

 मी बसलो, त्याच्यापास्नं लांब, ओसरीच्या आमच्या अर्ध्यात.  पियूषकडं मी जल्मात काय मागितलं नव्हतं, हिसकावलं हुतं फक्त.

"मला पुढच्या रविवारी पायजे हाय," मी म्हनलो.

"रविवारी माजाय."

"म्हाईत हाय. एक तास पायजे. सूसला."

"कशाला?"

मी सांगितलं. रोहित, दुकान, तासभर. गवताचं न्हाई सांगितलं, ते त्याला म्हाईत हुतं. अमोघ बिर्याणी म्हनला ते पन सांगितलं. त्यो फिदीफिदी हसला. मला वाटलं आता उठून त्याच्या त्याच गालावर द्यावी. बसून राह्यलो.

"तुज्या हातात न्हाई देनार," पियूष म्हनला. "पैल्यासारखा शिजवून आणशील."

"मग?"

"मी येनार. मशीन माज्या पाठीवर. तितं गेल्यावर तुला देनार, तासभर, मी शेजारी बसून."

"ये."

"आन तुज्या त्या फटफटीवर न्हाई. माज्या गाडीवर. तू मागं बसायचं."

गावातनं त्याच्या मागं बसून जायचं. पंक्चरवाल्यासमोरनं, शाळेसमोरनं. आख्खं रिहे बघनार. माज्या तोंडात शिवी आल्याली, दातापतुर आल्याली.

"बसतो," मी म्हनलो.